आई-वडिलांसाठी घरी माणूस ठेवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाजोगाईत आई आणि अण्णा दोघंच राहतात. मी पुण्यात, भाऊ हैदराबादला. दोन वर्षांपूर्वी अण्णा अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि हातात वॉकर आला. तेव्हा त्यांचं वय ७९. आईचे गुडघे आधीच गेलेले, त्यात साखर. मग दिवसभरासाठी बाई ठेवायचं ठरलं. पहिल्या बाई दीड महिन्यात गेल्या आणि चूक आमची होती. दुसऱ्या मावशी अजून आहेत. त्यानंतर नात्यातले, कॉलनीतले, पुण्यातले आपल्याकडचे लोक फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

नेमकं कुणाला शोधायचं? कामवाली, आया की नर्स?

बहुतेक घरं इथेच अडतात. "एक चांगली बाई बघा" असा निरोप गावभर जातो आणि धुणीभांडी करणारी बाई येते. चार दिवसांनी तिला कळतं की म्हाताऱ्या माणसाला संडासला न्यायचंय. आमच्या पहिल्या बाई आईला म्हणाल्या होत्या, "काकू, मला भांड्याचं सांगितलं होतं. अंगाचं करायचंय म्हणून कुणी बोललं नव्हतं." त्या खरंच बोलत होत्या. आम्ही ते सांगितलंच नव्हतं, कारण सांगितलं तर नाही म्हणतील अशी भीती होती.

म्हणून आधी आपल्या घरचं काम वेगळं करून बघा. केर-फरशी, भांडी, कपडे, स्वयंपाक हे घरकाम. उठवणं-बसवणं, आंघोळ, कपडे बदलणं, डायपर किंवा बेडपॅन, भरवणं हे अंगाचं काम. ते करणाऱ्या बाईला आपल्याकडे आया किंवा पेशंटची बाई म्हणतात. इंजेक्शन, लघवीची नळी, नाकातली नळी, जखमेचं ड्रेसिंग हे शिकलेल्या नर्सचं काम. तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारला तर तिला राग येत नाही. आयाकडून इंजेक्शन देऊन घेणं स्वस्त पडतं खरं, पण चुकलं तर दोघंही अडकतात.

अण्णांना नळी नव्हती, जखम भरली होती. म्हणजे नर्स नको होती. अंगाचं काम दिवसातून चार-पाच वेळा आणि थोडा स्वयंपाक, एवढंच हवं होतं. हे कागदावर मांडल्यावर निरोपच बदलला : "पेशंटचं करणारी बाई पाहिजे, सकाळी ८ ते रात्री ८, धुणीभांडी नाहीत." भांड्यांसाठी जुनी बाई तशीच ठेवली.

अशी बाई मिळते कुठे?

आमच्याकडे दवाखान्यातून मिळाली. अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, शिवाय खाजगी दवाखाने. तिथल्या सिस्टर आणि वॉर्डबॉयना माहीत असतं की कोणती बाई कुणाच्या आजीजवळ महिनाभर बसली होती आणि कशी बसली होती. त्या बाईला काम करताना कुणीतरी पाहिलेलं असतं, हे महत्त्वाचं. किराणा दुकानदार बाईला ओळखतो, पण तिचं काम त्याने पाहिलेलं नसतं. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरला अशा बायका पुरवणारे ब्यूरो आहेत, त्यांचं पुढे लिहिते.

आधारची झेरॉक्स घेतली. ओळख पटली ना?

नाही. झेरॉक्स म्हणजे फक्त कागद. त्यावरचा फोटो इतका काळा असतो की तो कुणाचाही असू शकतो. मूळ कार्ड हातात घ्या आणि त्यावरचा क्यूआर कोड आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या अधिकृत ॲपमधून स्कॅन करा. स्कॅन झालं की नाव, जन्मतारीख, पत्ता आणि बहुतेक कार्डांवर फोटोही स्क्रीनवर येतो. ही माहिती कोडमध्ये डिजिटल सहीने बंद केलेली असते. कार्डावर छापलेलं नाव बदलता येतं, कोडमधलं बदलता येत नाही. स्क्रीनवरचा फोटो आणि समोरची बाई एकच आहे का, एवढं बघायचं.

दुसरा मार्ग myaadhaar.uidai.gov.in या संकेतस्थळावर आहे. तिथे Check Aadhaar Validity मध्ये नंबर टाकला की तो नंबर चालू आहे का, वयोगट, स्त्री की पुरुष, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे आकडे दिसतात. नाव दिसत नाही. इथेच लोक फसतात. दुसऱ्याच बाईचा खरा नंबर आणि त्यावर आपलं नाव असं कार्ड असलं, तरी नंबर "चालू" असाच दिसेल. म्हणून नंबर तपासणं ही पहिली पायरी धरा आणि क्यूआरवर भर द्या.

झेरॉक्स ठेवायचीच असेल तर तिच्यावर आडवं लिहा : "फक्त घरकामाच्या ओळखीसाठी", खाली तारीख आणि बाईंची सही किंवा अंगठा. ही काळजी त्यांच्यासाठी आहे. त्यांच्या आधारवर कुणी सिमकार्ड काढलं तर पोलीस त्यांच्याच दारात जातील. मावशींना हे समजावलं तर म्हणाल्या, "आजवर कुणी असं लिहिलं नाही ताई, नुसतं घेऊन ठेवतात." बाईंना आधार द्यायचं नसेल तर मतदार ओळखपत्र चालेल. निवडणूक आयोगाच्या electoralsearch.eci.gov.in वर त्याचा नंबर टाकला की नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि मतदान केंद्र दिसतं. गाव खरं आहे का ते तिथेच कळतं.

आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे आणि आडनाव वेगळं सांगते. संशय घ्यावा का?

घेऊ नका. शाळेत न गेलेल्या बायकांच्या कार्डावर अंदाजाने १ जानेवारी लावलेली असते. शाळेत गेलेल्यांची बऱ्याचदा १ जून असते, मास्तरांची कृपा. कार्ड माहेरच्या आडनावाचं आणि बोलण्यात सासरचं, हेही नेहमीचं. पत्ता गावाचा आणि राहणं शहरात भाड्याने, हेही तसंच. संशय कधी घ्यायचा? आज एक गाव आणि परवा दुसरं गाव सांगितलं तर. किंवा मूळ कार्ड दाखवायला दहा दिवस लागले तर.

माझ्या मते खरी ओळख घरी पटते. कामावर घ्यायच्या आधी एकदा त्या राहतात तिथे जा. चोरून नाही, "मावशी, तुमचं घर बघायला येते" असं सांगून. चहा घ्या. घरात कोण आहे, शेजारी त्यांना कोणत्या नावाने हाक मारतात, लहान लेकरं असतील तर दिवसा त्यांना कोण बघतं हे अर्ध्या तासात कळतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. घरी तापाने फणफणलेलं पोर असेल तर बाई येणार नाही, आणि येऊही नये.

पोलिसांत माहिती द्यावी लागते का? त्याने काय होतं?

द्या. आपल्या हद्दीच्या ठाण्यात साधा अर्ज चालतो : बाईंचा फोटो, ओळखपत्राची प्रत, सध्याचा पत्ता, मूळ गाव आणि तालुका, मोबाइल नंबर, ओळख देणाऱ्या दोघांची नावं आणि कामाला लागल्याची तारीख. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्या. "बघतो, ठेवून जा" म्हणाले तर तिथेच थांबा, पोच मिळतेच.

पण त्याची मर्यादा समजून घ्या. पोलिसांकडे फक्त नोंदलेले गुन्हे असतात. बाई मूळची धारूर तालुक्यातली असेल तर खरी माहिती तिकडच्या ठाण्यात, आणि कागद तिकडे जाऊन यायला वेळ लागतो. तोवर काम सुरू झालेलं असतं. आणि बाई आजीला वेळेवर जेवू घालते का, हे कोणतंच ठाणं सांगू शकत नाही.

बाईंना आधी विचारून मगच अर्ज द्या. आम्ही म्हणालो, "भांड्याच्या बाईंचाही देतोय, तुमचाही देतो." सगळ्यांचाच देतो म्हटलं की अपमान वाटत नाही.

आधीच्या घरी फोन करून काय विचारायचं?

"कशी होती हो बाई?" हे विचारू नका. आपल्याकडे मागे वाईट बोलणं लोक टाळतात. "चांगली होती, गरीब आहे बिचारी" एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा असं विचारा की उत्तरात काही तरी मोजता येईल. किती महिने होती? सकाळी किती वाजता यायची? पेशंट कोण, काय झालं होतं? कोणकोणती कामं हाताने करायची? खाडे किती, आणि आधी सांगून की न सांगता? सोडलं का? परत गरज पडली तर ठेवाल का? शेवटच्या प्रश्नाला क्षणभर जी शांतता पडते, ती ऐका.

आणि समोरचं माणूस खरं आहे का, हेही बघा. मावशींच्या आधी एका बाईंनी "जुन्या मालकिणी"चा नंबर दिला. मी विचारलं, आजोबांचं कोणतं अंग लुळं होतं? उत्तर आलं, "उजवं... नाही, डावं." बाईंनी मला दुसरंच सांगितलं होतं. मग विचारलं, बाथरूम देशी होतं की कमोड? फोन कट. नंतर कळलं, ती त्यांची नणंद होती.

ब्यूरोकडून घेतली तर ही सगळी डोकेदुखी वाचते ना?

थोडी वाचते, थोडी नवीन येते. ब्यूरोचा फायदा एकच, बाई आली नाही तर बदली मिळते. पण बदलीतच घोटाळा होतो. कागद एकीचे, सोमवारपासून येते दुसरी. म्हणून आधीच लेखी घ्या की नवं माणूस दारात येण्याआधी त्याचं ओळखपत्र आणि फोटो आमच्या फोनवर आला पाहिजे, नाहीतर दार उघडणार नाही. आईला हे सांगून ठेवा, कारण दार तीच उघडते.

"आमच्या सगळ्या मुली पोलीस व्हेरिफाइड आहेत" असं सांगितलं की विचारा, कोणत्या ठाण्यातून आणि कोणत्या तारखेला? पोच दाखवा. आणखी एक विचारा : आम्ही दिलेल्या पैशांतले बाईच्या हातात किती पडतात? फरक फार असेल तर बाई टिकत नाही, किंवा महिन्याभरात तुम्हाला बाजूला घेऊन म्हणते, "मला परस्पर द्या." तो निर्णय तुमचा, पण आधी ब्यूरोच्या करारात काय लिहिलंय ते वाचा.

कामं कशी ठरवायची? तोंडी चालत नाही का?

तोंडी ठरलेलं प्रत्येकाला आपल्या सोयीने आठवतं. आमच्याकडे एक फुलस्केप कागद आहे. वकिली भाषा नाही, स्टॅम्प पेपर नाही. मी मोठ्याने वाचला, मावशींनी दोन ठिकाणी बदल सांगितले, मग दोन प्रती केल्या. एक त्यांच्या घरी, एक आमच्या फ्रिजवर. त्यातला मजकूर जवळजवळ जसाच्या तसा देते.

"वेळ सकाळी ८ ते रात्री ८. दुपारी २ ते ३.३० आराम, त्या वेळात पडून राहायचं, आई हाक मारणार नाही (पडापडी झाली तर सोडून). ८ वाजता अण्णांना उठवून संडासला नेणं. ९ वाजता नाश्ता आणि डबीतल्या गोळ्या. ११ वाजता अंगणात वॉकरने दोन फेऱ्या, मावशी डाव्या बाजूला उभ्या, कारण ऑपरेशन डाव्या पायाचं. १ वाजता जेवण : दोघांची भाकरी, वरण, एक भाजी, मावशींचं जेवण त्यातच. ४ वाजता चहा, पाय चोळणं, तेल घरचं. ६ वाजता परत फेऱ्या. ७.३० ला जेवण आणि गोळ्या. अण्णांचे आणि अंथरुणाचे कपडे मावशी धुतील. घरातले बाकी कपडे, भांडी, फरशी मावशींकडे नाही. जिना चढून गच्चीवर जायचं काम नाही.

पगार महिन्याला ११,००० रुपये, ५ तारखेच्या आत. महिन्याला दोन सुट्ट्या पगारी, तीन दिवस आधी सांगून. दिवाळीला एक पगार जास्त. सुरुवातीचे सात दिवस बघण्याचे, त्याचेही पैसे मिळतील. काम सोडायचं किंवा सोडवायचं असेल तर दोन्ही बाजूंनी १५ दिवस आधी सांगायचं. काम कुणी सांगायचं : फक्त आई. बाकीच्यांनी सांगायचं असेल तर आईला सांगावं."

शेवटची ओळ सगळ्यात जास्त कामाला आली. पहिल्या बाईंच्या वेळी आई एक सांगायची, मी फोनवरून दुसरं, आत्या आल्या की तिसरं. बाई चौथंच करायच्या. आणि "मावशींचं जेवण त्यातच" हे मावशींनी घालायला लावलं. आधीच्या घरी त्यांना बारा तासांत फक्त चहा मिळायचा. दुसरा बदल त्यांचा म्हणजे गच्चीचा. पापड-कुरडयांच्या दिवसांत वर-खाली करून त्यांचं कंबरडं मोडलं होतं म्हणे.

ते सात दिवस घरातलं कुणीतरी तिथे असलं पाहिजे. मी घरून काम करत तिथेच थांबले. पहिल्या दिवशी मी करून दाखवलं, दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून, तिसऱ्या दिवसापासून त्यांनी केलं आणि मी नुसती बघत बसले. अण्णांना खुर्चीतून उठवताना त्या काखेत हात घालून ओढत होत्या. तसं केलं की खांदा दुखावतो आणि तोलही जातो. आधी पाय मागे घ्यायला लावायचे, पुढे झुकायला सांगायचं, मग कमरेशी आधार द्यायचा. हे कागदावर लिहून येत नाही, सात दिवसांत येतं.

नळ आला की पाणी कुणी भरायचं?

हसू नका. मराठवाड्यात कामवाल्या बाईशी होणारी अर्धी भांडणं पाण्यावरून होतात. नळ आठवड्यातून एकदा येणार, कधी येईल सांगता येत नाही, आणि आला की तासाभरात सगळं भरून घ्यायचं. तेव्हा बाई अण्णांना कमोडवर बसवून बादल्यांमागे धावली तर काय होईल? आमच्याकडे ठरलं की पाणी मोटरने टाकीत चढेल, बटण आई दाबेल, आणि पिण्याच्या दोन घागरी मावशी भरतील, तेही अण्णा पलंगावर असतील तरच. दुष्काळात टँकरच्या पाळीवर भांड्याची बाई जाते, तिला त्या दिवसाचे वेगळे पैसे.

पाहुण्यांचंही तसंच. महालक्ष्म्यांना घरात वीस माणसं असतात. त्या तीन दिवसांत मावशींनी अण्णांजवळच बसायचं, पुरणाच्या पोळ्या लाटायला जायचं नाही. हे आईला पटवायला दोन वर्षं लागली.

वडिलांना बाईकडून आंघोळ घालून घ्यायला लाज वाटते. काय करावं?

लाज वाटणारच. अण्णा आठ दिवस आंघोळ टाळत होते, "थंडी आहे" म्हणत. मे महिना होता. दवाखान्यातला एक वॉर्डबॉय सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी अर्धा तास येऊ लागला, आंघोळ आणि दाढी एवढंच. त्याचे पैसे वेगळे, आणि त्याचंही आधार तितक्याच काटेकोरपणे तपासलं. मावशींवरचा एक अवघड भार कमी झाला.

बाईच्या बाजूनेही बघा. म्हातारपणी डोकं बिघडलेली माणसं कधी अंगचटीला येतात, शिव्या देतात. तिने सांगितलं तर "जाऊ द्या, त्यांना कळत नाही" म्हणून झटकू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे आणि तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

गोळ्या बाईच्या हातात द्याव्यात का?

द्यायच्या, पण निवडायच्या नाहीत. सात दिवसांची, खणांची डबी मिळते. आई रविवारी ती भरते आणि मी व्हिडिओ कॉलवर बघते. मावशींना वाचता येत नाही, म्हणून सकाळच्या खणावर सूर्य आणि रात्रीच्या खणावर चंद्र काढलाय. गोळी दिली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची.

आईचं इन्सुलिन आई स्वतः घेते, मावशींनी त्याला हात लावायचा नाही. पण साखर अचानक उतरली तर काय करायचं हे त्यांना पक्कं शिकवलंय. दरदरून घाम, हात थरथरणं, असंबद्ध बोलणं दिसलं आणि आई शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची. शुद्ध हरपली तर तोंडात काहीच घालायचं नाही, १०८ ला फोन. अण्णा पडले तर ओढून उभं करायचं नाही, उशी द्यायची आणि शेजारच्या काकांना हाक मारायची. हे सगळे नंबर मोठ्या आकड्यांत दारामागे चिकटवलेत.

आई स्वयंपाकघरात बाईला येऊ देत नाही. जात विचारते.

हे कुणी लिहीत नाही, पण फोनवर सगळे विचारतात, आवाज खाली करून. बाईला जात विचारून ठेवणं चूक आहे, आणि ठेवल्यावर तिचा कप वेगळा ठेवणं त्याहून वाईट. ज्या हाताने अण्णांचं अंथरूण बदलायचं त्याच हाताची भाकरी नको, असं म्हणता येणार नाही. हे बाईशी बोलायचं नाही, आई-वडिलांशी बोलायचं, आणि बाई येण्याआधी बोलायचं. आमच्याकडे दोन रात्री वाद झाला. शेवटी भाऊ म्हणाला, "मग मी नोकरी सोडून येतो." आई गप्प झाली. आता मावशींची शेंगदाण्याची चटणी हैदराबादला जाते.

उचल द्यावी का? आणि दिवाळीनंतर बाई ऊसतोडीला गेली तर?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न आधी विचारायला हवा. घरचा कोयता असेल, म्हणजे नवरा-बायको जोडीने ऊस तोडायला जाणार असतील, तर दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेऊन दोघं निघतात ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मे महिन्यात कामाला लागलेली बाई नोव्हेंबरात नसते, आणि तिने तुम्हाला फसवलं असं होत नाही, तुम्ही विचारलं नव्हतं. पहिल्याच भेटीत सरळ विचारा, "यंदा कोयत्यावर जाणार का?" मावशी विधवा आहेत, मुलगा जातो, त्या नातवंडांसाठी मागे राहतात. लातूर-धाराशिवकडे असाल तर येळवशीची, म्हणजे वेळा अमावास्येची सुट्टी आधीच धरून चाला, त्या दिवशी कुणी येत नाही.

उचल द्या, पण अर्ध्या पगाराच्या वर नको, आणि महिना-महिना किती वळती करायची ते वहीत लिहून सही घ्या. मोठी उचल दिली की बाई बांधली जाते असं लोकांना वाटतं. होतं उलटंच : फिटत नाही हे दिसलं की बाई येणंच बंद करते. पगार तिच्याच खात्यावर किंवा तिच्या मोबाइलवर पाठवा, नोंद आपोआप राहते. आणि "आज मला जमत नाही, पोरगी येईल" असं म्हणाली तर पोरगीचं वय विचारा. १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. आम्ही १८ च्या खाली कुणालाच घेत नाही.

घरातली वस्तू गेली तर?

आमच्या पहिल्या बाई यावरूनच गेल्या. आईची सोन्याची पाटली सापडेना. कुणी थेट आरोप केला नाही, पण आत्याने दोनदा मोठ्याने विचारलं, "तू आत गेली होतीस का गं?" बाईंनी पिशवी उलटी करून दाखवली आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. तीन आठवड्यांनी पाटली ज्वारीच्या पिठाच्या डब्यात मिळाली. आईनेच ठेवली होती, लग्नाला जाताना, चोरांच्या भीतीने. भाऊ त्यांच्या घरी जाऊन हात जोडून आला. त्या परत आल्या नाहीत आणि का याव्यात?

म्हणून आता माणूस यायच्या आधी दागिने बँकेच्या लॉकरमध्ये, घरात आहे त्याचे फोटो माझ्या फोनवर, रोख दोन हजारांच्या आत. एटीएमचा पिन आईच्या डोक्यात, कव्हरवर नाही. बाईला बँकेत पैसे काढायला पाठवत नाही. ओटीपी सांगायचा नाही हे आईला शिकवलं, आणि मावशींनाही, कारण फोन बऱ्याचदा त्याच उचलतात.

लांब राहून कसं कळणार की सगळं नीट चाललंय?

बैठकीत कॅमेरा आहे. मावशींना पहिल्या दिवशी दाखवला, त्यांच्यासमोर चालू केला. झोपायच्या खोलीत आणि बाथरूममध्ये नाही. पण मी कॅमेऱ्यापेक्षा गोळ्यांवर भरवसा ठेवते. दिवसाला दोन गोळ्या असतील तर महिन्याला साठ संपल्या पाहिजेत. गेल्यावर रिकामी पाकिटं मोजते. अण्णांचं वजन करते. माकडहाडापाशी कातडी लाल झालीय का ते बघते, कारण बसून बसून जखम तिथेच होते. दंडावर बोटांचे वळ दिसले, बाई समोर असताना आई-वडील गप्प होतात, फोन नेहमी स्पीकरवरच असतो, असं काही दिसलं तर त्याच दिवशी थांबून चौकशी करा. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे, जीवाला धोका वाटला तर ११२.

घरेलू कामगार मंडळाची नोंदणी काय असते?

महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगारांचं कल्याण मंडळ आहे. १८ ते ६० वयाची बाई कामगार कार्यालयात नोंदणी करू शकते. त्यासाठी ती तुमच्याकडे काम करते असा तुमचा दाखला लागतो. दोन ओळींचा दाखला आहे, द्या. त्याने तुमच्यावर कसला बोजा येत नाही.

बाई काम सोडून जाते तेव्हा काय करायचं?

राहिलेला पगार त्याच दिवशी. उरलेली उचल वहीप्रमाणे वळती. किल्ली परत, आधारची प्रत त्यांच्या हातात परत. पोलिसांना अर्ज दिला असेल तर काम सोडल्याचंही कळवा. आणि त्यांनी चांगलं काम केलं असेल तर एका कागदावर लिहून द्या : किती महिने, कोणता पेशंट, कोणती कामं, आणि तुमचा फोन नंबर. पुढच्या घरातून फोन आला की विचारतील, परत गरज पडली तर ठेवाल का. तेव्हा क्षणभरही थांबू नका.